तोंडाच्या वासापासून 30 मिलिग्रॅमपर्यंत

29 मे 1951 च्या रात्री मुंबईत एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारा माणूस होता मुंबई विभागाचा प्रभारी आरटीओ. लायसन्स ज्याच्या कचेरीतून मिळायचं, तोच. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तोंडाला दारूचा वास होता, डोळे लाल होते, पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालताही येत होतं. डॉक्टरांचं मत पडलं, की मद्य कोणत्या ना कोणत्या रूपात पोटात गेलेलं आहे, पण हा माणूस नशेत नाही.

हाच पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला पेसिकाका खटला. रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल होतं, हा आज पहिला वाटणारा प्रश्न त्यात कुणी विचारलाच नाही. तेव्हा कायद्यात तसा आकडाच नव्हता. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात गुन्हा होता तो गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतक्या अमलाखाली गाडी चालवण्याचा. किती प्यायला याला महत्त्व नव्हतं, ताबा सुटला होता का एवढंच बघायचं. आणि ते ठरवायचं कसं, तर वास, डोळे, चाल आणि जीभ यांवरून.

मुंबई राज्यात मात्र पोलिसांच्या हाती याहून धारदार हत्यार होतं: 1949 चा दारूबंदी कायदा. गाडी कशी चालवली हे सिद्ध करत बसण्यापेक्षा, प्यायला होता एवढं दाखवणं सोपं. पेसिकाकांवरही निष्काळजीपणे गाडी चालवल्याच्या कलमांसोबत दारूबंदीचं कलम लागलं. त्यांचं म्हणणं, मी दारू नव्हे, मद्यार्क असलेलं टॉनिक घेतलं होतं. योगायोग असा, की अपघाताच्या चारच दिवस आधी, 25 मे 1951 ला, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांपुरती ही बंदी घटनाबाह्य ठरवली होती. मग वास टॉनिकचा की व्हिस्कीचा, हे सिद्ध करायचं कुणी? खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने एक महिन्याची सक्तमजुरी ठोठावली, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती शिक्षा रद्द केली. पुराव्याची जबाबदारी सरकारची, आरोपीची नव्हे, असं ते म्हणालं.

मुंबई राज्याने यावर शोधलेला तोडगा म्हणजे आपल्याकडच्या रक्त-तपासणीची सुरुवात. 1959 मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली आणि वैद्यकीय तपासणी व रक्त-चाचणीचे नियम आले. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सिद्ध झालं, की आपण घेतलं ते औषधच होतं हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर. 0.05 टक्के म्हणजे आजच्या भाषेत 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. हा आकडा गाडी चालवण्यासाठी ठरवलेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. टॉनिकवाला आणि दारूवाला वेगळे काढायची ती चाळणी होती. ड्रायव्हर त्या चाळणीत आपोआप आले.

चाळणी आली तसे तिचे घोळही आले. 3 एप्रिल 1961 ला धुळ्याजवळ गाडीचा अपघात होऊन एकाचा जीव गेला. चालकाचं रक्त सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेतलं गेलं, रासायनिक परीक्षकाने अल्कोहोल 0.069 टक्के असल्याचं कळवलं, म्हणजे मर्यादेच्या वर. पण कोर्टात प्रश्न उभा राहिला तो बाटलीचा. रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बरेच दिवस गेले होते. त्यातले काही दिवस ती बाटली कुणाकडे होती, कशी ठेवली होती, याचा धड पुरावा नव्हता. उखा कोल्हे खटला म्हणून वकील आजही तो सांगतात. एप्रिलमधला खानदेशचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणला तर न्यायाधीशांची शंका फार अवाजवी वाटत नाही. नीट जपून न ठेवलेल्या रक्तात जंतू आंबवण्याचं काम करू शकतात आणि अल्कोहोल वाढू शकतं. झाकण सैल असेल तर उडूनही जातं. म्हणून नमुन्याच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात, ती सीलबंद करतात.

नुसत्या लक्षणांवर विसंबणंही न्यायालयाने पुढे मोडीत काढलं. 1971 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वास, लडखडती चाल, अडखळतं बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारूबंदीचा गुन्हा सिद्ध होत नाही. म्हणजे लक्षणं पुरेशी नाहीत, आणि रक्त घ्यावं तर ते वाटेत बिघडतं.

मग 1988 चा नवा मोटार वाहन कायदा आला आणि त्याने दुसरंच टोक गाठलं. कलम 185 च्या मूळ मसुद्यात रक्तातलं अल्कोहोल ‘कितीही अल्प प्रमाणात’ असलं तरी गुन्हा होता. म्हणजे खोकल्याच्या औषधाचा चमचाही कागदावर गुन्हाच. हे पाच वर्षंच टिकलं. 14 नोव्हेंबर 1994 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आजची मर्यादा घातली: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर, आणि तेही ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चाचणीत दिसलेलं. रक्तातला आकडा, पण मोजायचा श्वासातून.

हे जमतं कारण फुप्फुसात खोलवर रक्त आणि हवा समोरासमोर येतात आणि अल्कोहोल दोन्हींत ठरावीक प्रमाणात वाटलं जातं. श्वासातलं प्रमाण रक्तातल्यापेक्षा साधारण 2100 पट कमी धरतात. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिसांत काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी 1954 मध्ये याच तत्त्वावर रस्त्यावर नेता येईल असं यंत्र बनवलं. आपल्या नाकाबंदीत दिसतं ते त्याचं हातात मावणारं नातवंड: वर प्लास्टिकची नळी, आत अल्कोहोलवर वीज निर्माण करणारा सेन्सर, आणि आकडा छापून देणारा छोटा प्रिंटर. ‘जोरात, अजून, अजून’ असं हवालदार म्हणत राहतो, कारण पहिली हवा तोंडातली असते आणि हवी असते ती फुप्फुसाच्या तळातली. नुकताच घोट घेतलेला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातल्या अवशेषाने आकडा खोटा फुगतो. तो पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो, म्हणून तेवढं थांबून पुन्हा फुंकायला लावणं हा खरा उपाय.

30 म्हणजे किती, याचा हिशेब विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या जुन्या सूत्राने मांडता येतो. 70 किलोचा पुरुष, 60 मिलिलिटरचा एक लार्ज, बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं. त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे 20 ग्रॅम. ते अंगातल्या पाण्यात पसरलं, की रक्तात साधारण 43 मिलिग्रॅम. म्हणजे रिकाम्या पोटी एका लार्जमध्येच मर्यादा ओलांडली. यकृत ताशी साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं, तेव्हा तासाभराने 28. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 ची बाटली घेतली तर आकडा 86 च्या घरात जातो आणि 30 खाली यायला पावणेचार तास लागतात. लिंबूपाणी, कांदा, विड्याचं पान यांनी वास दबतो, ताशी 15 चा वेग बदलत नाही. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगचा आकडा चढा येतो.

हाच वेग उलट्या बाजूनेही चालतो, आणि तपासातलं मोठं भगदाड तिथे आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीने दोघांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाचं रक्त घेतलं गेलं ते सकाळी अकराच्या सुमारास. नंतर नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. तो भाग न्यायालयाचा. पण नमुना खरा असता तरी आठ तासांत सुमारे 120 मिलिग्रॅम उतरून गेले असते. तुलनेला 2006 चं वांद्र्याच्या कार्टर रोडचं प्रकरण घ्या, जिथे फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले: तिथे चालकाच्या रक्तात 0.112 टक्के, म्हणजे 112 मिलिग्रॅम सापडलं होतं. आठ तास उशीर झाला असता तर तोही कोरडाच निघाला असता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. नुसत्या कलम 185 खाली तेव्हा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच तरतूद होती.

1 सप्टेंबर 2019 पासून हा दंड 10,000 झाला, दुसऱ्या खेपेला 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या जोडीला ‘प्रयोगशाळेसह इतर कोणतीही चाचणी’ हे शब्द आले. त्याआधी फक्त रक्ताचा अहवाल असलेल्या खटल्यात, कायदा श्वासाचं म्हणतो, हा बचाव खुला होता. फुंकायला नकार देऊनही फायदा नाही. कलम 204 खाली मग रक्त मागता येतं, आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम 205 नुसार आरोपीच्याच विरोधात धरला जातो.

लोक दंडाबद्दल बोलतात, पण झोंबतं ते लायसन्स. त्याच्या वाटा दोन आहेत आणि नाक्यावर त्यांची हमखास गल्लत होते. पहिली कोर्टाची. कलम 185 तडजोडीने मिटत नाही, जागेवर पावती फाडून सुटका नाही. कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला की दंड भरून मोकळं झालो असं बहुतेकांना वाटतं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि कलम 20 म्हणतं, 185 खाली दोषी ठरला तर किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र. दुसरी वाट आरटीओची, कलम 19. ही जुनीच, पण निजलेली होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने दारू पिऊन चालवणाऱ्यांचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा असे निर्देश राज्यांना दिले, आणि 2019 ने पोलिसाला लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवण्याचा अधिकार दिला. इथे दोषसिद्धीची वाट पाहावी लागत नाही, मात्र आरटीओला आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारणं लिहून आदेश काढावा लागतो. त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. नोटीस जाते ती लायसन्सवरच्या पत्त्यावर, आणि घर बदललेल्या माणसाला ती मिळतच नाही. आपलं लायसन्स निलंबित आहे हे त्याला पुढच्या नाकाबंदीत कळतं.