बायोटिनमुळे चुकणारे थायरॉइड रिपोर्ट

केस गळतात म्हणून घेतलेली गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट यांचा काही संबंध असेल असं कोणाला वाटणार नाही, पण आहे, आणि तो शरीरात नसून लॅबच्या मशीनमध्ये आहे. बायोटिन म्हणजे बी७ जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि तेवढं रोजच्या जेवणातून मिळून जातं. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये मात्र ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर गरजेच्या तीनशेपटीहून जास्त झालं. जास्तीचं बायोटिन लघवीवाटे निघून जातं, त्रास सहसा काही होत नाही, त्यामुळे लोक याला औषध धरतच नाहीत. पण निघून जाईपर्यंत ते रक्तात फिरत असतं, आणि नेमकं तेव्हाच कोणी सुई टोचून रक्त घेतलं तर गडबड.

गडबडीचं मूळ स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रोटीनमध्ये आहे. हे स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूपासून मिळतं (कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हा त्याचा चुलतभाऊच म्हणा). त्याच्या एका रेणूला बायोटिनसाठी चार जागा असतात, आणि बायोटिन तिथे एकदा बसलं की सहजासहजी सुटत नाही, निसर्गातल्या सगळ्यात घट्ट बंधांपैकी हा एक मानतात. टेस्ट बनवणाऱ्यांना हे फारच सोयीचं पडलं. चुंबकाला चिकटणाऱ्या बारीक मण्यांवर स्ट्रेप्टॅव्हिडिन लावायचं, अँटिबॉडीला बायोटिनचं शेपूट जोडायचं, म्हणजे हवी ती गोष्ट मण्यावर पकडता येते आणि बाकीचं धुऊन टाकता येतं. पेशंटच्या रक्तातच भरपूर मोकळं बायोटिन असेल तर काय, हा प्रश्न बरीच वर्षं फारसा आलाच नाही, कारण साध्या जेवणातून रक्तात येणारं बायोटिन इतकं कमी असतं की त्याने काही बिघडत नाही.

आता टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, कसं मोजतात ते बघा. टीएसएच हा मोठा रेणू आहे, त्याला दोन बाजूंनी दोन अँटिबॉडी चिकटू शकतात, एक बायोटिनचं शेपूट असलेली आणि दुसरी उजेड देणारा टॅग असलेली. मध्ये टीएसएच, असं सँडविच तयार होतं. मग मणी घालतात, सँडविच शेपटाने मण्याला चिकटतं, चुंबक मणी धरून ठेवतो, बाकीचं धुऊन जातं आणि मशीन उजेड मोजतं. जितका उजेड जास्त तितकं टीएसएच जास्त. पण रक्तात मोकळं बायोटिन असेल तर ते आधी जाऊन मण्यांवरच्या जागा अडवतं, सँडविचला बसायला जागा उरत नाही, ते धुण्यात वाहून जातं, उजेड पडतो कमी आणि मशीन सांगतं टीएसएच कमी आहे.

फ्री टी४, म्हणजे थायरॉइड स्वतः बनवतो ते हार्मोन, त्याची गंमत उलटी आहे. तो रेणू एवढासा, त्याला दोन अँटिबॉडी मावत नाहीत. म्हणून तिथे चढाओढ लावतात: शेपूट जोडलेला टी४ लॅबकडूनच घालायचा, तो आणि पेशंटचा टी४ दोघे टॅगवाल्या अँटिबॉडीसाठी भांडणार. पेशंटचा टी४ जास्त असेल तर तो अँटिबॉडी पळवतो, मण्यावर कमी टॅग येतो, म्हणजे इथे कमी उजेड म्हणजे जास्त टी४. बायोटिनने मणी अडवले की उजेड इथेही कमीच होतो, पण या वेळी मशीन त्याचा अर्थ काढतं की टी४ जास्त आहे. म्हणजे एकाच नमुन्यात एक आकडा खोटा खाली आणि दुसरा खोटा वर. आणि टीएसएच खाली, टी४ वर हे तर थायरॉइड जास्त काम करतोय याचं पुस्तकी चित्र. त्यात काही मशीनवर टीएसएच रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्टही याच चढाओढीच्या पद्धतीने होते, तीही खोटी पॉझिटिव्ह येते, आणि मग थायरॉइडला जास्त काम करायला लावणाऱ्या ग्रेव्हज डिसीजचं निदान अगदी तिन्ही बाजूंनी पक्कं झाल्यासारखं दिसतं. २०१६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशी सहा मुलं नोंदवली, त्यांना जन्मजात चयापचयाच्या आजारांसाठी मोठ्या डोसमध्ये बायोटिन चालू होतं, रिपोर्ट ग्रेव्हजचे आणि थायरॉइड मात्र ठणठणीत.

नमुन्यादाखल एक पेशंट धरू. चाळिशीतली बाई, मल्टिपल स्क्लेरोसिस, कुठल्याशा प्रयोगाच्या बातमीवरून दिवसाला ३०० मिलिग्रॅम बायोटिन, १०० चे तीन डोस. (या आजारात एवढा डोस खरोखर वापरून पाहिला गेलाय.) रिपोर्ट येतो टीएसएच ०.०२, फ्री टी४ नॉर्मलच्या वरच्या टोकाच्या दुप्पट, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. पण तपासलं तर नाडी ७२, हात थरथरत नाहीत, वजन तेवढंच, गळा सुजलेला नाही. इतका वाईट रिपोर्ट आणि माणूस समोर शांत बसलेला, हे जमत नाही, आणि संशय इथूनच घ्यायचा. अनुभवी डॉक्टर इथे गोळ्या लिहीत नाही, विचारतो "केसांसाठी, नखांसाठी, व्हिटॅमिन म्हणून काही घेता का?" कारण "औषधं कोणती चालू आहेत" असं विचारलं की बायोटिनचं नाव निघतच नाही. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं की टीएसएच १.९, टी४ नॉर्मल. हे न विचारता थायरॉइड दाबणारं औषध सुरू केलं असतं तर चांगल्या थायरॉइडला खरंच हायपो, म्हणजे मंद, केलं असतं.

थांबवायचं किती दिवस? अमेरिकन थायरॉइड असोसिएशन किमान २ दिवस सांगते, १० मिलिग्रॅमच्या गोळीला ते बहुतेकदा पुरतं. ३०० मिलिग्रॅमवाल्यांमध्ये किंवा किडनी कमजोर असेल तर बायोटिन हळू उतरतं, तिथे जास्त दिवस धरावे लागतात. मल्टिव्हिटॅमिनमधल्या ३० मायक्रोग्रॅमची काळजी करायचं कारण नाही.

मात्र सगळ्या लॅबमध्ये असं होतं असं नाही. काही कंपन्या स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरतच नाहीत, काही शेपूटवाली अँटिबॉडी मण्याला आधीच चिकटवून पाठवतात म्हणजे मोकळ्या बायोटिनला शिरायला जागाच नाही, आणि जुने रिएजंट बदलून आता जास्त बायोटिन सहन करणारे आलेत. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात सहा निरोगी लोकांना आठवडाभर रोज १० मिलिग्रॅम दिलं तर एका मशीनवर टीएसएच ९४ टक्क्यांनी खाली दिसलं आणि काही मशीनवर काहीच फरक नाही. म्हणून लॅबवाले शंका आली की तोच नमुना दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर लावतात, किंवा रक्तात आधी स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मणी घालून बायोटिन उचलून काढतात आणि मग पुन्हा मोजतात. आकडा उडी मारून बदलला तर चोर सापडला. सीबीसी आणि शुगरमध्ये ही भानगड नाही, तिथे स्ट्रेप्टॅव्हिडिन येतच नाही.

थायरॉइडमध्ये किमान थांबून बघायला वेळ असतो. ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट ॲटॅक ओळखायची टेस्ट, हीसुद्धा सँडविच पद्धतीचीच, म्हणजे बायोटिनने खोटी कमी येऊ शकते, आणि अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये इशारा दिला तेव्हा अशाच खोट्या कमी ट्रोपोनिनशी जोडलेला एक मृत्यू त्यात नोंदवला होता. छातीत दुखतंय त्याला दोन दिवस गोळी बंद करून या असं सांगता येत नाही, तिथे ईसीजी बघायचा आणि शक्य असेल तर नमुना लगेच दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर पाठवायचा.