संदर्भवर्गीय पूर्वानुमान

हाती घेतलेल्या नव्या कामाला किती काळ लागेल हे मनाच्या अजमासाने न ठरवता, तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात किती काळ लागला यावरून ठरविण्याची पद्धत. ज्या जुन्या कामांशी तुलना करायची त्यांच्या समूहाला ‘संदर्भवर्ग’ म्हणतात. मराठीत या पद्धतीचे नाव अद्याप स्थिरावलेले नाही. ‘पूर्वानुभवाधारित अंदाज’ असेही म्हटले जाते. मात्र अनुभवी माणसाने सांगितलेला अंदाज आणि नोंदींतून काढलेला अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने प्रस्तुत नोंदीत पहिले नाव वापरले आहे.

उगम : पद्धतीचा उगम सामान्यतः डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या लेखनात शोधला जातो. त्यांचा या विषयावरील अहवाल १९७७ चा असून तो १९७९ मध्ये लेखरूपाने प्रसिद्ध झाला. काहींच्या मते मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच तज्ज्ञाचा कौल आणि आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष यांची तुलना मांडली होती, आणि विमागणितात तर वर्गाच्या नोंदींवरून व्यक्तीचा अंदाज बांधण्याची परंपरा त्याच्याही फार पूर्वीची आहे. हे खरे असले तरी, तज्ज्ञाचा कौल टाकून न देता त्याला वर्गाच्या सरासरीकडे किती ओढावे याचा क्रमवार विधी १९७७–७९ च्या लेखनात मिळतो. त्यामुळे पद्धत म्हणून तिचा आरंभ तेथे मानणे अधिक योग्य वाटते.

१९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलेले ‘पर्ट’ हे तंत्र कधी कधी या पद्धतीचे पूर्वरूप म्हणून दिले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. पर्टमध्ये प्रत्येक कामासाठी आशावादी, संभाव्य आणि निराशावादी असे तीन काळ विचारतात व त्यांची भारित सरासरी काढतात. पण हे तिन्ही आकडे माणसाच्या मनातूनच येतात.

हातातल्या कामाच्याच तपशिलांवरून अंदाज बांधणारी ‘आतली दृष्टी’ आणि तशाच इतर कामांच्या अनुभवावरून तो बांधणारी ‘बाहेरची दृष्टी’ ही प्रसिद्ध जोडी कानमन आणि डॅन लोव्हालो यांच्या १९९३ च्या लेखामुळे रूढ झाली. तिच्यामागील प्रसंग इस्राएलमधील, बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्यातला आहे. निर्णयप्रक्रिया या विषयाचा शालेय अभ्यासक्रम तयार करणाऱ्या गटातील प्रत्येकाने कामाला दीड ते अडीच वर्षे लागतील असे लिहून दिले. नंतर गटातल्याच अभ्यासक्रमतज्ज्ञाला, अशा इतर गटांना किती काळ लागला, असे विचारले. त्याने आठवून सांगितले, की सुमारे ४० टक्के गटांनी काम कधी पुरेच केले नाही आणि ज्यांनी केले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. प्रस्तुत गट त्या गटांच्या तुलनेत सरासरीहून किंचित कमीच आहे, असेही तो म्हणाला. काम आठ वर्षांनी संपले. ही माहिती त्या तज्ज्ञाजवळ आधीपासून होती, तरीही स्वतःचा अंदाज लिहिताना त्याने ती वापरली नव्हती.

हे का घडते याचा शोध ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये घेतला. प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला. प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. ‘सर्व काही बिघडले तर’ म्हणून दिलेला सुमारे ४९ दिवसांचा अंदाजही कमीच पडला. पुढील प्रयोगांत असे दिसले, की जुनी कामे नुसती आठवायला लावून फरक पडत नाही, कारण प्रत्येक जुन्या विलंबाला माणूस एक वेगळे, पुन्हा न घडणारे कारण जोडतो. जुना अनुभव आणि चालू काम यांची सांगड घालायला लावल्यावरच अंदाज वास्तवाच्या जवळ आला.

विधी : मूळ लेखनातील पाच पायऱ्या अशा : संदर्भवर्ग निवडणे, त्यातील काळांचे वितरण मांडणे, तज्ज्ञाचा स्वतंत्र अंदाज घेणे, तज्ज्ञाचे पूर्वीचे अंदाज कितपत जुळले ते तपासणे आणि त्या प्रमाणात त्याचा अंदाज सरासरीकडे सरकविणे. एका कल्पित उदाहरणाने त्या स्पष्ट होतील.

एका छोट्या प्रकाशनसंस्थेला सुमारे २२० पानांचे अनुवादित पुस्तक हस्तलिखित हाती आल्यापासून छापखान्यात देईपर्यंत किती दिवस लागतील हे ठरवायचे आहे. संपादक ५० दिवस म्हणतो. आधीच्या तशाच दहा पुस्तकांना लागलेले दिवस लहान-मोठ्या क्रमाने लावले तर असे येतात : ५८, ६३, ६६, ७०, ७४, ८१, ८८, ९६, ११८, १६०. पहिली गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे संपादकाचा आकडा सर्वांत जलद झालेल्या पुस्तकाहूनही कमी आहे. मधले मूल्य ७७ ते ७८ दिवस, तर सरासरी ८७. शेवटच्या दोन मोठ्या आकड्यांनी सरासरी वर ओढली आहे. काम लवकर संपण्याला एक मर्यादा असते, लांबण्याला नसते. म्हणून अशा यादीत हा कल बहुतेक वेळा आढळतो. छापखान्याला तारीख देताना दहापैकी आठ वेळा पाळता येईल असा आकडा हवा असेल तर क्रमातला आठवा घ्यावा, म्हणजे ९६ दिवस.

आता संपादकाच्या अंदाजाचे काय करायचे? त्याचे जुने अंदाज आणि प्रत्यक्ष काळ यांचा सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांबरोबर कितपत कमी-जास्त होतात याचे माप, ०.३ निघाला, असे धरू. सूत्र असे :

सुधारित अंदाज = वर्गाची सरासरी + सहसंबंध × (तज्ज्ञाचा अंदाज − वर्गाची सरासरी)

त्यावरून ८७ + ०.३ × (५० − ८७), म्हणजे सुमारे ७६ दिवस येतात. येथे एक चूक वारंवार होते. संपादक नेहमीच कमी सांगत असेल, समजा त्याच्या सर्व जुन्या अंदाजांची सरासरी ५५ असेल, तर त्याचा ५० हा आकडा ‘हे पुस्तक फार सोपे आहे’ असे सांगत नाही. ‘नेहमीपेक्षा थोडे सोपे आहे’ एवढेच सांगतो. अशा वेळी कंसात ५० − ५५ घ्यावे लागते. अंदाजांचा आणि प्रत्यक्ष काळांचा फैलाव सारखा धरल्यास उत्तर ८५ ते ८६ दिवसांपर्यंत जाते. कंसात वजा करायचा एक आकडा बदलल्याने सुमारे दहा दिवसांचा फरक पडला. यासाठी अंदाज दिल्या क्षणीच तारखेसह लिहून ठेवणे आवश्यक असते, कारण काम संपल्यावर आठवून सांगितलेला जुना अंदाज प्रत्यक्ष काळाकडे झुकलेला असतो.

नोंदीतील दोष : सर्वांत घातक दोष अपुऱ्या कामांचा. वरील संस्थेत अकरावे एक पुस्तक दोन वर्षे रखडून पडलेले असेल आणि ‘संपले नाही’ म्हणून यादीत नसेल, तर यादी खोटा दिलासा देते. त्याचा अंतिम काळ माहीत नसल्याने सरासरी काढता येत नाही, पण क्रम लावता येतो, कारण ते शेवटी येणार हे निश्चित आहे. ते धरल्यावर मधले मूल्य ८१ होते आणि अकरापैकी ८० टक्क्यांसाठी नववा आकडा घ्यावा लागून ९६ चे ११८ होतात. क्रमावर आधारलेली मापे पसंत करण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरा दोष एककाचा. कॅलेंडरचे दिवस आणि प्रत्यक्ष कामाचे तास एकाच यादीत मिसळले की यादी निरुपयोगी होते. ४० तासांचे मुद्रितशोधन लेखकाकडून दुरुस्त्या येण्याची वाट पाहत तीन महिने चालू शकते. तारीख द्यायची असेल तर वाट पाहण्याचा काळही मोजलाच पाहिजे.

वर्गाची निवड : येथे सर्वमान्य नियम नाही. वर्ग फार अरुंद केला तर दोन-तीनच कामे उरतात, फार रुंद केला तर त्यातून काही बोध होत नाही. कोशकार्याचे उदाहरण घेता येईल. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम १९१६ च्या सुमारास सुरू झाले व १९२० च्या दशकात २३ खंड पुरे झाले. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी १८७९ मध्ये दहा वर्षांचा अंदाज होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि कोश १९२८ मध्ये संपला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संस्कृत कोशाचे काम १९४८ पासून सुरू आहे. नवा ‘कोश’ काढणाऱ्याने या तिघांना एका वर्गात टाकले तर मधले मूल्य दिशाभूल करील. पहिल्यात लेखकांकडून नोंदी लिहवून घेतल्या जातात. उरलेल्या दोहोंत प्रत्येक शब्दासाठी मूळ ग्रंथांतील अवतरणे गोळा करून त्यांचा कालक्रम लावावा लागतो. वर्ग ठरतो तो कामाच्या नावावरून नव्हे, तर वेळ कोठे जातो यावरून, हे मत येथे ग्राह्य वाटते. निवड अंदाज पाहण्याआधी करावी, एवढ्यावर मात्र बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. नाहीतर सोयीची कामे निवडली जातात.

मोठे प्रकल्प : डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबियर्ग यांनी ही पद्धत वाहतूक प्रकल्पांना, प्रामुख्याने खर्चासाठी, लागू केली. २००४ मध्ये ब्रिटिश परिवहन खात्यासाठी तयार झालेल्या तक्त्यात रेल्वे प्रकल्पांच्या मूळ खर्चात ५० टक्के खात्रीसाठी ४० टक्के, तर ८० टक्के खात्रीसाठी ५७ टक्के वाढ सुचविली होती. एडिंबरोच्या दुसऱ्या ट्राम मार्गाचा पायाभूत खर्च २५.५ कोटी पौंड होता व राखीव रकमेसह तो सुमारे ३२ कोटी धरला होता. तक्त्यानुसार ८० टक्के खात्रीसाठी तो ४० कोटी येत होता. पुढे मार्ग आणि आराखडा बदलल्याने थेट तुलना करता येत नाही, परंतु मे २०१४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामला ७७ कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. ८० टक्के खात्री म्हणजे पाचपैकी एक प्रकल्प त्याही पलीकडे जाणार, आणि किती पलीकडे जाईल हे तो आकडा सांगत नाही.

चूक कशामुळे होते याबद्दल दुमत आहे. कानमन यांचा भर मनाच्या भाबड्या आशेवर आहे. फ्लूबियर्ग यांच्या मते मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांत मंजुरीसाठी आकडे जाणूनबुजून कमी दाखविण्याचाही मोठा वाटा असतो. दुसरे खरे असेल तेथे वर्गनिवड अंदाज देणाऱ्याच्या हाती ठेवून चालत नाही.

भारतात केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी रुपये व अधिक खर्चाच्या प्रकल्पांच्या मूळ आणि सुधारित तारखा प्रसिद्ध करीत आले आहे. संदर्भवर्गासाठी ही उपयुक्त सामग्री होय. मात्र चालू प्रकल्पांपुढे दिलेला विलंब हा त्या दिवसापर्यंतचा अपेक्षित विलंब असतो, अंतिम नव्हे, आणि तारीख पुन्हा पुढे गेली की तोही वाढतो. वर्गात केवळ पूर्ण झालेले प्रकल्प घेतले तर सर्वांत रखडलेले सुटतात, म्हणून चालू प्रकल्प ‘किमान इतका काळ’ अशा खुणेसह यादीत ठेवावे लागतात.