एक पूर्णांक एक दशांश आणि काठावरची रक्कम

बिल अगदी साधं होतं. त्यात दोन ओळी होत्या, १.१० आणि २.२०, आणि खाली छापलेली बेरीज ३.३०. बिलं तपासणाऱ्या स्क्रिप्टचं कामही तेवढंच साधं: ओळींची बेरीज करायची, छापलेल्या बेरजेशी ताडून बघायची आणि फरक आढळला तर बिल बाजूला काढायचं. स्क्रिप्टने हे बिल बाजूला काढलं. पायथॉनमध्ये तीच बेरीज हाताने करून पाहिली की कारण समोर येतं:

```python
>>> 1.10 + 2.20
3.3000000000000003
>>> 1.10 + 2.20 == 3.30
False
```

हा पायथॉनचा दोष नाही. जावास्क्रिप्ट, जावा, सी, एक्सेल, सगळीकडे आतला हिशेब याच पद्धतीने चालतो, कारण आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांसाठी आयईईई ७५४ हे १९८५ साली ठरलेलं मानक बसवलेलं आहे. या मानकाची नेहमीच्या वापरातली संख्या ६४ बिटांची असते आणि तिचे अंक साठवायला ५३ बिट मिळतात. अडचण बिटांच्या संख्येत नाही. ते द्विमान आहेत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांवर चालतात, अडचण तिथे आहे.

एक तृतीयांश दशांशात लिहायला बसलो तर ०.३३३३ असं कितीही लांबवलं तरी शेवट येत नाही, कारण दहाचे अवयव २ आणि ५, त्यात ३ नाही. द्विमान पद्धतीत तर अवयव एकच, २. त्यामुळे तिथे अर्धा, पाव, एक अष्टमांश असे अपूर्णांक नेमके बसतात. एक दशांश मात्र आपल्या एक तृतीयांशासारखा अनंत लांबत जातो. मग ५३ बिटांवर तो तोडावा लागतो आणि जवळची संख्या साठवली जाते. दशांश चिन्हापुढे दोन घरं असलेल्या रकमा बघितल्या, म्हणजे .०० पासून .९९ पर्यंतचे शंभर शेवट, तर त्यांतले फक्त चार नेमके साठवता येतात: .००, .२५, .५० आणि .७५. उरलेले शहाण्णव साठवतानाच किंचित बदलतात. ही गोष्ट मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. चूक बेरजेत सुरू होत नाही, रक्कम वाचली त्याच क्षणी ती आत आलेली असते.

आपल्या बिलात नेमकं काय झालं ते आता सांगता येतं. साठवलेली १.१० खऱ्यापेक्षा सुमारे ०.००००००००००००००००८९ ने जास्त आहे. साठवलेली २.२० त्याच्या दुप्पट जास्त. दोन्ही जादा मिळून बेरीज ३.३० च्या वर गेली. पण ३.३० ही छापलेली रक्कम वाचून साठवली तेव्हा तिची सगळ्यात जवळची संख्या खालच्या बाजूला होती. एक वर, एक खाली, म्हणून `==` ने नाही म्हटलं. रोजच्या वापरात हे दिसत नाही, कारण पायथॉन संख्या छापताना तीच संख्या परत मिळेल एवढे कमीत कमी अंक दाखवतो. `1.1` लिहिलं की `1.1` च दिसतं, आतली जादा शेपूट दिसत नाही.

इथे एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिने लोकांचा वेळ जातो. `0.1` दहा वेळा `+=` ने मिळवलं तर उत्तर `0.9999999999999999` येतं. पण तीच यादी `sum()` ला दिली, तर पायथॉन ३.१२ पासून पुढे उत्तर `1.0` येतं, कारण त्या आवृत्तीपासून `sum()` गळालेला भाग आठवणीत ठेवून भरून काढतो. म्हणजे एकाच स्क्रिप्टने, एकाच फाइलवर, दोन संगणकांवर वेगळी उत्तरं देणं शक्य आहे. चूक तिथे बरी झालेली नसते, फक्त त्या बेरजेपुरती झाकलेली असते.

एवढ्याशा फरकाने पैशाचं काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. नुसत्या बेरजेपुरतं बघितलं तर जवळजवळ काहीच नाही. समजा एक लाख ओळी आहेत आणि एकूण बेरीज दहा कोटींपर्यंत जाते. त्या आकाराला एका बेरजेत होणारी चूक जास्तीत जास्त ०.००००००००७५ एवढी असते. लाख वेळा ती एकाच दिशेने झाली असं धरलं तरी ०.०००७५ च्या आसपास थांबते. दोन दशांशांवर आणताना शेवटचा अंक बदलायला लागतो त्याहून ही चूक बरीच कमी आहे. म्हणजे चूक साठत साठत मोठी होते, हे नेहमी ऐकू येणारं स्पष्टीकरण बिलांच्या बाबतीत फारसं लागू पडत नाही.

बिघडतं ते काठावर. जिथे हो किंवा नाही असा निकाल लागायचा असतो, किंवा जिथे रक्कम कापून खालच्या नाहीतर वरच्या अंकावर बसवायची असते, तिथे हा नगण्य फरक एका झटक्यात ०.०१ एवढा होतो. `==` हा असा पहिला काठ. दुसरा काठ आपणच घाईघाईच्या दुरुस्तीत तयार करतो. अपूर्णांक नको म्हणून शंभराने गुणून पूर्णांक करावा, ही कल्पना चांगली आहे. पण ती अशी लिहिली तर:

```python
>>> 19.99 * 100
1998.9999999999998
>>> int(19.99 * 100)
1998
```

`int()` दशांश चिन्हापुढचं सगळं कापून टाकतो, आणि १९.९९ ची १९.९८ होऊन जाते.

तिसरा काठ सगळ्यात फसवा आहे. रक्कम ५३.५० आणि तिच्यावर ५ टक्के कर. हाताने केलं तर कर २.६७५ येतो, आणि अर्धा असेल तर वर न्यायचा या नियमाने २.६८ होतो. ५३.५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी साठते, म्हणजे इथे तरी काही अडू नये. पण पाच टक्के लिहायच्या दोन पद्धती करून बघा:

```python
>>> round(53.5 * 0.05, 2)
2.68
>>> round(53.5 * 5 / 100, 2)
2.67
```

गणित एकच, उत्तरं दोन. पहिल्या ओळीत साठवलेली ०.०५ किंचित जास्त आहे, म्हणून गुणाकार २.६७५ च्या थोडा वर जाऊन बसतो आणि वर ढकलला जातो. दुसऱ्या ओळीत २६७.५ ही नेमकी संख्या शंभराने भागली जाते, भागाकाराला जवळची संख्या २.६७४९९९९९९९९९९९९८ अशी खालची मिळते, आणि ती प्रामाणिकपणे खाली येते. दोघांनी वेगवेगळ्या सवयीने सूत्र लिहिलं तर त्यांची बिलं जुळणार नाहीत, आणि कोड वाचून कुणाचीच चूक सापडणार नाही.

`==` ऐवजी फरक ०.००५ पेक्षा कमी आहे का असं तपासलं तर पहिला काठ टळतो. बिल नुसतं ताडून बघायचं असेल तर तेवढं पुरतंही. कराचा काठ मात्र त्याने टळत नाही, कारण तिथे चूक दाखवायला दुसरी रक्कमच समोर नसते.

खरा इलाज म्हणजे रक्कम दशमान पद्धतीतच ठेवणं. पायथॉनमध्ये त्यासाठी `decimal` हे मॉड्यूल आहे. ते ५३.५० ही रक्कम ५३५० हे अंक आणि दशांश चिन्ह दोन घरं आत, अशी जपून ठेवतं. ०.०५ म्हणजे ५, आणि चिन्ह दोन घरं आत. गुणाकार करताना ५३५० ला ५ ने गुणायचं, २६७५०, आणि घरांची बेरीज करायची, चार. उत्तर २.६७५०. शाळेत कागदावर करतो तसंच, आणि कुठेही काही गळत नाही.

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

STEP = Decimal("0.01")
tax = Decimal("53.50") * Decimal("0.05")
print(tax)                                           # 2.6750
print(tax.quantize(STEP, rounding=ROUND_HALF_UP))    # 2.68
```

इथली अवतरणचिन्हं काढली तर सगळा खटाटोप वाया जातो. `Decimal(0.05)` लिहिलं की पायथॉन आधी ०.०५ ची द्विमान संख्या करतो आणि `Decimal` तीच बिघडलेली संख्या इमानाने, शेवटच्या अंकापर्यंत जपतं: `0.05000000000000000277…` अशी लांबलचक. म्हणून रक्कम फाइलमधून येते तिथपासून ती मजकूरच राहिली पाहिजे. पायथॉनचं `csv` मॉड्यूल मजकूरच देतं, तिथे काम सोपं आहे. पांडास मात्र दशांशाचे स्तंभ आपणहून फ्लोटमध्ये, म्हणजे त्याच द्विमान संख्यांमध्ये, बदलतं, तिथे `dtype=str` सांगावं लागतं. जेसन वाचताना `json.loads(text, parse_float=Decimal)` असं लिहायचं.

कुठे फ्लोट चुकून राहिला असेल तर बहुतेक वेळा लगेच कळतं, कारण `Decimal` आणि फ्लोट यांची बेरीज करायला गेलं की पायथॉन `TypeError` देऊन थांबतो. तुलना मात्र थांबत नाही. `Decimal("0.1") == 0.1` याचं उत्तर निमूटपणे `False` येतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये `Decimal` आणल्यावर अचानक खूप बिलं जुळेनाशी झाली, तर सगळ्यात आधी इथे बघावं.

`quantize` ला पूर्णांकनाचा नियम स्पष्ट सांगितला आहे, तोही मुद्दाम. सांगितला नाही तर `decimal` नेमका अर्धा आल्यावर जवळच्या सम अंकाकडे जातं. २.६७५ ला त्याने फरक पडत नाही, दोन्ही नियमांनी २.६८ येतं, पण २.६६५ ची एका नियमाने २.६७ होते आणि दुसऱ्याने २.६६. यातला बरोबर कोणता, हे गणित सांगत नाही. ज्या नियमाने बिल केलं गेलं तो बरोबर.

नियमाची निवड किती महागात पडू शकते, हे व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने दाखवलं. तिथला निर्देशांक १९८२ च्या सुरुवातीला १००० वर सुरू झाला. प्रत्येक वेळी नवी किंमत काढताना तो तीन दशांशांवर नुसता कापला जायचा, जवळच्या अंकावर नेला जात नसे. प्रत्येक काप खालच्याच दिशेने, आणि कापलेल्या आकड्यावरच पुढचा हिशेब. १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. नीट मोजल्यावर तो १०९८.८९२ निघाला. ही चूक द्विमान पद्धतीची नव्हती. तीन दशांशांवर कापण्याची होती, आणि `Decimal` वापरूनही ती तशीच झाली असती.

बिलात हाच प्रश्न लहान रूपात येतो. ५३.५० च्या तीन ओळी घ्या, प्रत्येकीवर ५ टक्के. ओळीगणिक कर काढून दोन दशांशांवर आणला तर २.६८ च्या तिप्पट, ८.०४. आधी १६०.५० अशी बेरीज करून मग कर काढला तर ८.०२५, म्हणजे ८.०३. दोन्ही आकडे `Decimal` ने काढलेले आणि दोन्ही नेमके. स्क्रिप्टने एखादं बिल नेमक्या ०.०१ च्या फरकाने बाजूला काढलं आणि त्यात अशा काठावरच्या ओळी असल्या, तर आता अंकगणितावर शंका घ्यायची गरज नाही. बिल करणाऱ्याने कर ओळीवर काढला की बेरजेवर, ते विचारून घ्यायचं आणि `quantize` ची ओळ त्या जागी हलवायची.