साम्यशोधन, वाङ्मयचौर्यविषयक

विद्यार्थ्याचा निबंध साठवलेले ग्रंथ, शोधलेख, संकेतस्थळे व पूर्वीचे निबंध यांच्याशी संगणकाद्वारे ताडून पाहून जुळणारा मजकूर दाखविण्याची पद्धती. तिने मोजले जाते ते शब्दसाम्य. चौर्याचा निर्णय परीक्षकाकडेच राहतो.

या पद्धतीचा उगम संगणकशास्त्रज्ञ कार्प व रॅबिन यांच्या १९८७ मधील अक्षरमालाशोधापर्यंत मागे नेता येतो. मात्र तेथे शोधायची मालिका आधीच ठाऊक असते. त्यामुळे संपूर्ण दस्तऐवजांची तुलना करणारे ऊदी मॅनबर यांचे १९९४ चे काम हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. व्यापारी प्रणाली आपली अंतर्गत रीत सहसा पूर्णपणे उघड करीत नाहीत; म्हणून पुढील विवेचन प्रसिद्ध झालेल्या पद्धतींवर बेतलेले आहे.

निबंधातील विरामचिन्हे काढून सलग शब्दांचे, समजा पाच-पाचांचे, एकमेकांवर चढणारे गट पाडतात व प्रत्येक गटाला गणिताने एक संख्या देतात. या संख्येला ठसा म्हणतात. सर्व ठसे साठविणे परवडत नाही, म्हणून श्लायमर, विल्करसन व एकिन यांनी २००३ मध्ये मांडलेल्या रीतीत ठसे धान्यासारखे पाखडले जातात : लागोपाठच्या ठराविक ठशांमधील सर्वांत लहान तेवढा ठेवायचा. एकमेकांवर चढणाऱ्या चार-चार ठशांच्या गटांतून असा एक-एक निवडल्यास किमान आठ शब्दांचा सलग उतारा हमखास सापडतो.

‘दुष्काळामुळे गावातील विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबांनी कामाच्या शोधात शहराकडे स्थलांतर केले’ या बारा शब्दांच्या वाक्यात पाच शब्दांचे आठ गट पडतात. ‘अनेक’ऐवजी ‘बऱ्याच’ घातल्यास पाच गट मोडतात, तीन उरतात. त्याऐवजी ‘आणि’चे ‘व’ आणि ‘शहराकडे’चे ‘शहरांकडे’ केल्यास आठही गट नाहीसे होतात. उसनवारी मात्र जशीच्या तशी राहते. एका अनुस्वाराने ठसा बदलतो, ही विभक्तिप्रत्ययांनी शब्दरूपे बदलणाऱ्या मराठीची विशेष अडचण होय. शब्दांचे मूळ रूप वा अर्थसाम्य तपासून ती कमी करता येते, पण मग एकाच विषयावरील स्वतंत्र लेखनही जुळू लागते. उलट, मूळ लेखकाचा उल्लेख करून केलेले प्रामाणिक शब्दांतरही मूळची शब्दयोजना टिकल्यास साम्याचे प्रमाण वाढविते.

अवतरणांचा प्रश्न निराळा आहे. १,००० शब्दांच्या निबंधात १८० शब्द जुळले, तर साम्य १८ टक्के. त्यांपैकी १२० शब्द अवतरणातील असून वगळले, तर ६० शब्द उरतात. एकूण शब्दसंख्या तीच धरल्यास ६ टक्के, तिच्यातूनही अवतरण वजा केल्यास सुमारे ६.८ टक्के. वगळणी अवतरणचिन्हांवरून होत असेल, तर चिन्हांविना समास सोडून छापलेला उतारा साम्यातच मोजला जाण्याचा संभव असतो, आणि चोरलेल्या परिच्छेदाला नुसती चिन्हे लावली तरी तो गळू शकतो.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वज्ञात वा योगायोगाने जुळणारे शब्द तपासणीतून वगळावयाचे असतात.