फॅमिली प्लॅन घेतला म्हणजे इमर्जन्सी अ‍ॅक्सेस मिळाला असं नसतं

मागच्या वर्षी साताऱ्याला मामांना स्ट्रोक आला आणि ते अकरा दिवस आयसीयूत होते. पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे सगळे पासवर्ड एका ठिकाणी कुलुपात ठेवणाऱ्या अ‍ॅपचा, फॅमिली प्लॅन त्यांनी स्वतःच घेतलेला, मामीच्या फोनवर अ‍ॅप पण टाकून दिलेलं, त्यामुळे मेडिक्लेमचं लॉगिन लागलं तेव्हा आम्ही सगळे निवांत होतो की चला, मामीकडे असेल. अ‍ॅप उघडलं तर आत लाईट बिल, गॅस बुकिंग, वायफाय आणि दोन सिनेमाची अ‍ॅप्स, बास. मेडिक्लेमचं लॉगिन मामांच्या स्वतःच्या तिजोरीत, म्हणजे अ‍ॅपमधल्या त्यांच्या खासगी कप्प्यात होतं आणि ती तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड मामांच्या डोक्यात. शेवटी एजंटला फोन करून पॉलिसी नंबर मिळवला, काम झालं, पण मामी किती रडकुंडीला आली होती ते मी बघितलंय म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गोंधळ होतो तो शेअरिंग आणि इमर्जन्सी अ‍ॅक्सेस ह्या दोन गोष्टींचा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शेअरिंग म्हणजे जॉइंट खातं, दोघांचं नाव आहे, दोघं आज आत्ता वापरू शकतात. इमर्जन्सी अ‍ॅक्सेस म्हणजे नॉमिनी, आज त्याला काहीच दिसत नाही पण वेळ आली की त्याच्यासाठी दार उघडतं. आणि जॉइंट खातं उघडलं म्हणून तुमच्या दुसऱ्या खात्यांना आपोआप नॉमिनी लागत नाही ना, तसंच इथे, फॅमिली प्लॅनमध्ये बायकोला घेतलं म्हणून तुमच्या वैयक्तिक तिजोरीला ती नॉमिनी होत नाही, ते वेगळं करावं लागतं.

उदाहरणाला बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर घेतो कारण मी ते रोज वापरतो आणि त्यात हे दोन्ही अगदी वेगवेगळे दिसतात. पर्सनलमध्ये फुकटचं खातं आणि प्रीमियम असे दोन प्रकार. पासवर्ड कितीही, फोन-लॅपटॉप कितीही, हे फुकटातसुद्धा आहे. शेअरिंग फुकटात फक्त दोन माणसांचं, म्हणजे तुम्ही आणि अजून एक जण, आणि सामाईक कप्पे म्हणजे कलेक्शन पण दोनच. नवरा-बायकोचं तेवढ्यात भागतं खरं तर. पण स्वतःसाठी इमर्जन्सी कॉन्टॅक्ट नेमायचा असेल तर प्रीमियम लागतं. आता ह्यात एक चांगली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पैसे भरायला लागतात ते नेमणाऱ्याला, ज्याला नेमलं त्याचं खातं फुकटचं असलं तरी चालतं. म्हणजे घरात एकाच्याच नावावर सगळे व्यवहार असतील तर त्या एकाने प्रीमियम घेतलं की झालं, पूर्ण फॅमिली प्लॅनची गरजच नाही.

फॅमिली प्लॅनमध्ये सहा माणसं, त्यात घेणारा पण धरला. सहाही जणांना प्रीमियमच्या सोयी मिळतात, म्हणजे प्रत्येक जण स्वतःचा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट नेमू शकतो, आणि सामाईक कलेक्शन हवी तेवढी करता येतात. नेमू शकतो म्हटलं, नेमलेला असतो असं नाही! मामांच्या घरी नेमकं हेच राहिलं होतं.

आता नेमायचं कसं. हे फोनच्या अ‍ॅपमध्ये शोधू नका, ब्राउझरमध्ये वेब व्हॉल्ट, म्हणजे वेबसाइटवरची तुमची तिजोरी, उघडून Settings मध्ये Emergency access. तिथे समोरच्याचा ईमेल टाकायचा, View की Takeover ते निवडायचं आणि थांबायचे दिवस ठरवायचे, एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत. मग त्याला मेल जातो, तो पाच दिवसांच्या आत स्वीकारायचा. आणि इथे बहुतेक लोक थांबतात, त्यांना वाटतं झालं. नाही झालं, तिसरी पायरी तुमच्याकडे परत येते, त्याने स्वीकारल्यावर तुम्हाला पुन्हा त्याच पानावर जाऊन Confirm करावं लागतं. ही नुसती फॉर्मॅलिटी नाहीये, त्या क्षणी तुमच्या तिजोरीची किल्ली समोरच्याच्या पब्लिक की ने लॉक करून ठेवली जाते, म्हणजे ती फक्त त्यालाच उघडता येईल अशी, आणि ती ठेवायला तुमची उघडी तिजोरी लागते, म्हणजे तुम्हीच लागता. Confirm केलं नसेल तर नंतर बायको-मुलांनी कितीही मागणी केली तरी द्यायला किल्लीच नाही, कंपनीला सांगून पण उपयोग नाही कारण मास्टर पासवर्ड त्यांच्याकडेही नसतो. त्यामुळे त्या पानावर नावापुढे Invited किंवा Needs confirmation असं काही दिसत असेल तर काम अर्धवट आहे असं समजा.

अजून एक अडचण परदेशात माणसं असलेल्या घरात येते. बिटवॉर्डनचे सर्व्हर दोन ठिकाणी आहेत, `vault.bitwarden.com` आणि युरोपसाठी `vault.bitwarden.eu`. पुण्यातल्या बाबांचं खातं पहिल्यावर आणि जर्मनीतल्या मुलाने खातं काढताना युरोप निवडलेलं, तर ते एकमेकांचे इमर्जन्सी कॉन्टॅक्ट होऊ शकत नाहीत. मुलाने डॉट कॉमवर वेगळं फुकट खातं काढायचं, त्यावर नेमायचं, आणि त्या खात्याचा मास्टर पासवर्ड स्वतःच्या नेहमीच्या तिजोरीत ठेवायचा, नाहीतर दोन वर्षांनी तोच विसरलेला असतो.

View आणि Takeover मधला फरक पण नीट समजून घ्या. View म्हणजे तुमच्या वैयक्तिक तिजोरीतल्या नोंदी वाचता येतात, पासवर्डसकट, बदलता काही येत नाही. Takeover म्हणजे तो माणूस तुमच्या खात्याला नवा मास्टर पासवर्ड लावतो, तुमचं टू-स्टेप लॉगिन पण निघून जातं, आणि खातं त्याचं होतं. माझं मत, बायकोला किंवा मुलाला View पुरतं, Takeover तेव्हाच द्या जेव्हा पुढे ते खातं कोणीतरी चालवायचंच आहे.

समजा मामांनी मामीला View दिलं असतं आणि दिवस ठेवले असते दोन. सोमवारी सकाळी मामी स्वतःच्या खात्यात जाऊन Request access दाबते, मामांच्या ईमेलवर सूचना जाते, ते शुद्धीत असते तर हो किंवा नाही म्हणू शकले असते. ते काहीच करू शकत नाहीत म्हणून बुधवारी सकाळी आपोआप उघडतं. हेच दिवस तीस ठेवले असते तर हॉस्पिटलच्या त्या अकरा दिवसांत काही उपयोग नव्हता. पण फक्त एकच दिवस ठेवला तरी पंचाईत, कारण सिस्टीम तुम्ही आजारी आहात का गेलात का असलं काही तपासत नाही, ती फक्त दिवस मोजते, तुम्ही तीन दिवस हरिश्चंद्रगडावर बिनरेंजचे असाल आणि कोणी मागणी टाकली तरी उघडेल. म्हणून ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे त्याला दोन दिवस, बाकी कोणाला ठेवायचंच असेल तर सात किंवा चौदा.

आणि हो, View मध्ये फॅमिलीच्या सामाईक कलेक्शनमधलं दिसत नाही, फक्त वैयक्तिक. मामीला ते सामाईक तसंही दिसतच होतं. पण फॅमिली ऑर्गनायझेशनचा, म्हणजे प्लॅनमधल्या सगळ्यांच्या सामाईक गटाचा, मालक एकटे मामाच असतील तर नवीन माणूस घेणं, प्लॅन रिन्यू करणं हे सगळं अडतं. घरातल्या अजून एकाला Owner करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

वनपासवर्ड हा दुसरा पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांनी मात्र वरचं जसंच्या तसं लावू नका. तिथे असा दिवस मोजणारा इमर्जन्सी अ‍ॅक्सेस नाहीये. फॅमिलीत पाच जण असतात, आणि त्यातला ऑर्गनायझर दुसऱ्या सदस्याचं खातं रिकव्हर करून देऊ शकतो, पण त्यासाठीचा मेल त्या सदस्याच्याच ईमेलवर जातो, म्हणजे आधी तो ईमेल उघडता आला पाहिजे. आणि एकच ऑर्गनायझर असेल तर त्याचं स्वतःचं खातं रिकव्हर करायला घरात कोणीच नाही, म्हणून तिथे दोन ऑर्गनायझर हवेतच. शिवाय इमर्जन्सी किट नावाची पीडीएफ मिळते, त्यात खातं उघडायला पासवर्डसोबत लागणारी सीक्रेट की असते आणि पासवर्ड हाताने लिहायला जागा असते, ती प्रिंट काढून, भरून, घरच्या कपाटात कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायची. डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेली पीडीएफ तुम्ही बेशुद्ध असताना कोणाला सापडणार नाही.

परत बिटवॉर्डनकडे येतो, तिथे ऑफिससाठीच्या टीम प्लॅनचं गणित अजून वेगळं. पाच-सहा जणांचं सीए ऑफिस असलं की लोक विचारतात फॅमिलीतच भागवू का, सहा जण तर बसतात. नका करू. टीममध्ये कोणी कधी कुठली नोंद उघडली ह्याचा लॉग मिळतो, गट करून हक्क देता येतात, आणि माणसाला काढलं की सामाईक सगळं त्याच्याकडून जातं. एक मात्र लक्षात ठेवा, पासवर्ड लपवून वापरायला द्यायची सोय आहे ती कच्ची आहे, थोडं कळणारा माणूस ब्राउझरमधून तो काढू शकतो, त्यामुळे कोणी नोकरी सोडली की त्याने वापरलेले पासवर्ड बदलायचेच.

आणि टीममध्ये इमर्जन्सीचा अर्थच बदलतो. कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी Takeover केला तर तो ज्या ऑर्गनायझेशनचा मालक नाही तिथून आपोआप बाहेर पडतो, म्हणजे क्लायंटचे पासवर्ड त्याच्या घरी जात नाहीत, हे बरोबरच आहे. पण उलट बाजूने, कर्मचाऱ्याने जीएसटीचं लॉगिन सामाईक कलेक्शनमध्ये न टाकता स्वतःच्या तिजोरीत ठेवलं असेल तर ऑफिसला ते मिळत नाही. सदस्य मास्टर पासवर्ड विसरला तर अ‍ॅडमिनने नवा लावून देण्याची सोय, अकाउंट रिकव्हरी, ती टीम्समध्ये नाही, वरच्या एंटरप्राइझ प्लॅनमध्ये आहे, आणि तिथेही त्या सदस्याची आधी नोंदणी झालेली लागते. एंटरप्राइझ घेतलेल्या कंपनीत काम करत असाल तर प्रत्येकाला घरासाठी फॅमिली प्लॅन फुकट मिळतो, आयटीवाल्यांना विचारून बघा, बरेच जण विनाकारण पैसे भरतात.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट तिजोरीत मावत नाही, ती म्हणजे ओटीपी. मेडिक्लेमचा पासवर्ड मिळाला तरी ओटीपी मामांच्या सिमवर येणार, आणि फोन त्यांच्या बोटाच्या ठशाने लॉक. म्हणून फोनचा पिन तिजोरीत एका नोटमध्ये टाका आणि माणूस आजारी असेल किंवा गेला असेल तरी त्याच्या नंबरचं रिचार्ज लगेच थांबवू नका, नंबर बंद पडला की पासवर्ड रिसेट पण होत नाही. बँकेचं मात्र वेगळं, माणूस गेल्यावर त्याच्या नेटबँकिंगमध्ये शिरून पैसे हलवायचे नाहीत, तिथे नॉमिनीचा फॉर्म आणि मृत्यूचा दाखला हाच रस्ता, तिजोरीतून फक्त कुठल्या बँकेत काय काय आहे ते कळतं. मामा आता काठी घेऊन चालतात, गेल्या महिन्यात त्यांच्याच लॅपटॉपवर बसून मामीचं Confirm मी त्यांच्याकडून करून घेतलं, दिवस ठेवलेत दोन.