रशिंग यार्ड प्रॉप

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, एका सामन्यात धावत किती यार्ड काढेल, यावर लावली जाणारी पैज म्हणजे रशिंग यार्ड प्रॉप. सामना कोण जिंकतो याचा तिच्याशी थेट संबंध नसतो. सट्टा कंपनी एक आकडा देते, समजा ६५.५, आणि खेळाडू त्याच्या वर जाईल (ओव्हर) की खाली राहील (अंडर) एवढेच ठरवायचे असते. पास झेलून मिळवलेले यार्ड यात धरत नाहीत. मागे ढकलला गेला तर तेवढे यार्ड वजा होतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरचा केंद्रीय निर्बंध रद्द केला. त्यानंतर अनेक राज्यांत असे प्रॉप उघडपणे मिळू लागले.

अंदाजाची सुरुवात कॅरीपासून करावी, म्हणजे चेंडू हातात घेऊन तो किती वेळा धावेल यापासून. दर कॅरीमागचे यार्ड आठवड्यागणिक बेभरवशाचे असतात. कॅरींची संख्या मात्र प्रशिक्षकाच्या सवयीवर आणि सामन्याच्या रोखावर ठरते, म्हणून ती बरीच आधी सांगता येते. या रोखालाच गेम स्क्रिप्ट म्हणतात. आघाडीवरचा संघ घड्याळ चालू ठेवण्यासाठी धावतो, पिछाडीवरचा वेळ वाचवण्यासाठी पास फेकतो. रोखाचा अंदाज बाजाराच्या स्प्रेडवरून, म्हणजे अपेक्षित गुणफरकावरून येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संघ ६.५ गुणांनी वरचढ मानला आहे आणि तो साधारण ६२ चाली खेळेल. त्यातल्या ४६ टक्के धावण्याच्या धरल्या तर २८ ते २९ होतात. त्यातून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, स्वतःच्या धावा आणि शेवटी गुडघा टेकून वेळ काढण्याच्या चाली मिळून चार वजा केल्या की साडेचोवीस उरतात. आपल्या खेळाडूचा वाटा ६५ टक्के असेल तर त्याला सुमारे १६ कॅरी मिळतील. हीच संख्या रोखानुसार पडताळता येते: आघाडी मिळण्याची शक्यता ४५ टक्के आणि तेव्हा १९ कॅरी, बरोबरीची लढत ३५ टक्के आणि १५ कॅरी, पिछाडी २० टक्के आणि ११ कॅरी. भारित सरासरी पुन्हा १६ येते.

आता बचाव. संघाने सामन्यामागे एकूण किती रशिंग यार्ड दिले, हा तक्ता फसवतो. जो संघ नेहमी आघाडीवर असतो त्याच्याविरुद्ध कोणी फारसे धावतच नाही, त्यामुळे त्याचा बचाव आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो. पाहायचे ते दर कॅरीमागे दिलेले यार्ड, तेही क्वार्टरबॅकच्या धावा वगळून, आणि बचावाच्या पुढच्या फळीत मध्यभागी धाव अडवणारा जड खेळाडू, म्हणजे टॅकल, दुखापतीमुळे बाहेर आहे का. आपला खेळाडू ४.४ काढतो आणि बचाव ४.० देतो, तर ४.२५ धरणे रास्त आहे. १६ गुणिले ४.२५ म्हणजे ६८ यार्ड.

कंपनीचा आकडा ६५.५, अंदाज ६८, म्हणून ओव्हर? इथेच बहुतेक जण चुकतात. ६८ ही सरासरी आहे, आणि क्वचित येणाऱ्या ५०-६० यार्डांच्या धावांनी ती वर ओढलेली असते. प्रॉपला हवा मध्यक, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे निकाल पडतात तो आकडा, आणि तो सहसा काही यार्ड खाली असतो. इथे तो ६३ च्या आसपास मानला तर किंचित कल अंडरकडे जातो. -११० भावाला, म्हणजे १०० जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात तेव्हा, नफा-तोटा बरोबरीत येण्यासाठीच सुमारे ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. एवढ्या फरकावर ही पैज सोडून द्यावी.

लांब धावांचा हा परिणाम फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक सॅक्वन बार्कली याच्या २०२४ च्या हंगामात स्पष्ट दिसतो. २४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने २६ कॅरींत २५५ यार्ड काढले; त्यातले १४२ केवळ दोन धावांतले, ७२ आणि ७० यार्डांच्या. उरलेल्या २४ कॅरींत ११३. पुढे फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०–२२ असे हरवले. रोख धावपटूसाठी याहून अनुकूल असणे कठीण, बार्कलीला कॅरीही २५ मिळाल्या, पण यार्ड फक्त ५७. कॅरींचा अंदाज अचूक निघूनही ओव्हर बुडू शकतो, तो असा.

आणखी एक चूक म्हणजे रोख दोनदा मोजणे. जो संघ हंगामभर वरचढच असतो त्याच्या धावपटूच्या सरासरी कॅरींत आघाडीचा फायदा आधीच मिसळलेला असतो. त्यावर पुन्हा ‘हा संघ जिंकेल’ म्हणून दोन कॅरी वाढवल्या की अंदाज फुगतो. फार मोठी आघाडीही नेहमी लाभाची नसते, कारण चौथ्या क्वार्टरमध्ये मुख्य खेळाडूला बसवून राखीव खेळाडूला उतरवतात. खेळाडू मैदानात उतरलाच नाही तर पैज सहसा रद्द होते, पण एक चाल खेळून जखमी झाला तर ती सहसा कायम राहते. म्हणून घोट्याच्या किंवा मांडीच्या दुखण्यातून नुकत्याच परतलेल्या खेळाडूच्या ओव्हरमध्ये जोखीम जास्त असते. त्याने आठवडाभर सराव पूर्ण केला की अर्धवट, हे संघाच्या दुखापत अहवालात पाहूनच कॅरींचा आकडा धरावा.