ईव्हीचा आवाज : ताशी २० की ३०?

विजेवर चालणाऱ्या चारचाकी प्रवासी गाड्या, बस आणि मालवाहू वाहने कमी वेगात असताना त्यांनी बाहेर ऐकू जाईल असा आवाज करावा, असा मसुदा केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. नव्या मॉडेलसाठी १ ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून उत्पादनात असलेल्या मॉडेलसाठी १ ऑक्टोबर २०२७ अशा तारखा त्यात होत्या. आवाज कसा, किती आणि कोणत्या वेगापर्यंत हवा, हे एआयएस १७३ या मानकात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतल्या १३८ क्रमांकाच्या नियमाच्या पायावर ते उभे आहे, त्यामुळे त्या नियमातला एक जुना वादही आपल्याकडे आला आहे: हा आवाज ताशी २० किलोमीटरला थांबू द्यावा की ३० पर्यंत चालू ठेवावा?

बिनआवाजी गाडी ही काही या शतकातली गोष्ट नव्हे. लंडनमध्ये १८९७ साली विजेच्या टॅक्सी धावत होत्या आणि त्यांच्या गुणगुणण्यामुळे लोकांनी त्यांना एका गुंजन करणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले होते. पण त्या लवकरच बंद पडल्या आणि पुढची शंभर वर्षे रस्त्यावर इंजिनाचाच आवाज राहिला. प्रश्न पुन्हा उभा राहिला तो हायब्रीड गाड्यांमुळे. जपानमध्ये १९९७ पासून आणि अमेरिकेत २००० पासून त्या मोठ्या प्रमाणावर विकल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला आणि कमी वेगात या गाड्या फक्त मोटरवर चालतात. पार्किंगमधून बाहेर पडताना, वळताना, रिव्हर्स घेताना त्यांचे इंजिन बंदच असते, आणि माणसे गाडीच्या सगळ्यात जवळ असतात ती नेमकी याच वेळी.

ही गोष्ट आधी सांगितली ती अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनांनी. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस चौक ओलांडतो तो कानाच्या भरवशावर. समांतर रस्त्यावरची वाहतूक सुटल्याचा आवाज आला की आपली पाळी आली, हे त्याला कळते. ड्राइव्हवेच्या तोंडाशी इंजिन घरघरत असेल तर तो थांबतो. ही खूणच नाहीशी होते आहे, असे संघटना २००३ च्या सुमारापासून सांगत होत्या. आकडे मात्र २००९ मध्ये आले. अमेरिकेच्या सरकारी अभ्यासात असे दिसले की गाडी हळू जाताना, थांबताना, वळताना, मागे येताना किंवा पार्किंगमधून निघताना हायब्रीडची पादचाऱ्याला धडक बसण्याचे प्रमाण पेट्रोल गाडीच्या जवळपास दुप्पट होते. दोन वर्षांनी मोठ्या नमुन्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सगळ्या परिस्थिती मिळून हा फरक पादचाऱ्यांच्या बाबतीत ३५ टक्के आणि सायकलस्वारांच्या बाबतीत ५७ टक्के निघाला.

जपानने २०१० च्या जानेवारीतच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. गाडी सुटल्यापासून ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये आवाज हवा, असे त्यात म्हटले होते. २० चा आकडा इथून आला. त्यामागचा हिशेब सरळ आहे. वेग वाढला की टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज वाढत जातो. ताशी २० च्या आसपास तो इतका होतो की पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी कानाला फारशी वेगळी वाटत नाही. मग वर कृत्रिम आवाज कशाला, असा हा विचार. संयुक्त राष्ट्रांच्या नियमाने २०१६ मध्ये आणि युरोपीय संघाने त्याआधी २०१४ मध्ये हीच मर्यादा धरली. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीला ही यंत्रणा सक्तीची झाली.

अमेरिकेत मात्र प्रश्नच वेगळ्या प्रकारे विचारला गेला. २०१० च्या अखेरीस मंजूर झालेल्या तिथल्या कायद्याने आकडा दिला नाही. ज्या वेगाला टायर, वारा वगैरेंमुळे वेगळ्या आवाजाची गरज उरत नाही तो वेग शोधून काढा, असे नियम करणाऱ्यांना सांगितले. आता ‘गरज उरत नाही’ हे ठरवायचे कशावरून? दोन मार्ग होते. पहिल्यात विजेच्या गाडीची तुलना तशाच पेट्रोल गाडीशी करायची आणि दोघींचे आवाज जुळले की थांबायचे. दुसऱ्यात पादचाऱ्याला गाडी किती अंतरावरून ऐकू यायला हवी ते आधी ठरवायचे आणि आवाज त्याला पुरतो का ते पाहायचे.

दुसऱ्या मार्गाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. त्यानंतर गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ५.४ मीटरने कमी होतो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. दीड सेकंदात गाडी चार मीटरहून थोडी जास्त पुढे जाते, ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी पाऊण मीटर, एकूण सुमारे ५ मीटर. ताशी २० ला हेच अंतर ११ मीटर होते आणि ३० ला १९ मीटर. म्हणजे वेग तिप्पट झाला की अंतर जवळपास चौपट होते. ताशी २५ ने येणारी गाडी माणसाला १५ मीटरवरून ऐकू आली पाहिजे. टायरचा आवाज तेवढ्या अंतरावरून पोचतो का, हा खरा प्रश्न होता. आणि पहिल्या मार्गाने पाहिले तरी अमेरिकी चाचण्यांत काही गाड्या ताशी २० ला अजूनही पेट्रोल गाडीपेक्षा शांत निघाल्या, ३० ला ती तफावत मिटली. म्हणून २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिथला नियम आला तो ३० पर्यंतचा. कायद्याने दिलेली मुदत तोपर्यंत केव्हाच उलटून गेली होती, आणि प्रत्येक गाडीला तो लागू व्हायला मार्च २०२१ उजाडले.

वाहन उद्योगाचा या ३० ला विरोध होता. जादा दहा किलोमीटरसाठी शहरात विनाकारण गोंगाट होईल, जगात दोन वेगळे नियम होतील, खर्च वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. गोंगाटाचा मुद्दा खोटा नाही. तरीही मला अमेरिकी विचार जास्त पटतो. पेट्रोल गाडीशी बरोबरी ही मुळात सरकती खूण आहे. पेट्रोलच्या गाड्याही वर्षागणिक शांत होत आहेत, टायरही शांत होत आहेत, रस्ता गुळगुळीत असला की टायरचा आवाज आणखी घटतो. थांबायला लागणारे अंतर मात्र तेवढेच राहते.

दुसरा फरक उभ्या गाडीचा. अमेरिकेत गाडी पार्कमधून काढून गिअरमध्ये टाकली की ती जागेवर उभी असली तरी आवाज हवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात उभ्या गाडीचा आवाज ऐच्छिक आहे. सोसायटीच्या गेटपाशी उभी असलेली गाडी आता निघणार आहे हे न पाहू शकणाऱ्या माणसाला कळावे की नाही, याचे उत्तर एका ठिकाणी ‘हो’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उत्पादकाची इच्छा’. आणखी एक सवलत संयुक्त राष्ट्रांच्या नियमात सुरुवातीला होती, ती म्हणजे चालकाला आवाज तात्पुरता बंद करता येईल असे बटण. अंधांच्या संघटनांनी त्यावर रान उठवले आणि पुढच्याच सुधारणेत असे बटण देण्यावर बंदी आली.

यंत्रणा तशी साधी आहे. पुढच्या बंपरच्या आत एक पाणी न शिरणारा स्पीकर बसवलेला असतो, काही गाड्यांत मागेही एक असतो. छोटे कंट्रोल युनिट गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरून वेग आणि गिअर वाचते आणि साठवलेला आवाज त्याप्रमाणे वाजवते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार दोन मीटर बाजूला मोजल्यावर तो ताशी १० ला किमान ५० डेसिबल, २० ला ५६ आणि रिव्हर्समध्ये ४७ भरला पाहिजे. वरची मर्यादा ७५. हायब्रीडचे इंजिन चालू असेल तेव्हा हा आवाज सक्तीचा नाही. २० ओलांडल्यावर तो एकदम तुटू नये म्हणून अनेक उत्पादक तो हळूहळू विरत नेतात.

नुसत्या मोठेपणाने काम भागत नाही. एकच सूर असेल तर तो कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. आवाजात निरनिराळ्या वारंवारतांचे पट्टे मिसळले की दिशा लागते. त्यामुळे आवाजाचा जोर किमान दोन पट्ट्यांत हवा आणि त्यातला एक १६०० हर्ट्झ किंवा त्याखाली. वय झाल्यावर आधी वरच्या पट्टीतले ऐकू येणे कमी होते, हे त्यामागचे कारण. गाडी जवळ येते की थांबते आहे हे समजावे म्हणून वेगाबरोबर सूर चढावा लागतो. ताशी ५ ते २० च्या दरम्यान दर किलोमीटरला किमान ०.८ टक्के. ताशी ५ ला ५०० हर्ट्झ असलेला सूर २० ला निदान ५६० वर गेलेला असतो. ज्यांच्या कानाला सवय आहे ते एवढ्या फरकावरून गाडी वेग घेते आहे हे ओळखतात. सायरन, हॉर्न, घंटा, गाणी, प्राण्यांचे आवाज चालत नाहीत. अमेरिकेत एका कंपनीने त्याच बाहेरच्या स्पीकरवर मनाला येईल तो आवाज वाजवण्याची सोय दिली होती. चालत्या गाडीत त्याने इशारा झाकला जातो म्हणून २०२२ मध्ये सुमारे ५ लाख ७८ हजार गाड्यांत सॉफ्टवेअर बदलून ती काढावी लागली.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि व्यापारी भागात ६५. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रस्त्यांवर आवाज याच्या बराच वर असतो आणि ५० डेसिबलची गुणगुण त्यात बुडून जाते. तिथे ही यंत्रणा फारशी उपयोगी पडणार नाही. ती कामाला येईल ती गल्लीत, सोसायटीच्या आवारात, बेसमेंटच्या उतारावर, पहाटे फिरायला निघालेल्यांच्या मागे. पावसाळ्यात बंपरच्या जाळीत चिखल भरला की आवाज दबतो आणि आत बसलेल्या चालकाला ते कळत नाही, कारण स्पीकर बाहेर तोंड करून असतो. आवाज नीट येतो का ते पाहायचे तर काच खाली करून भिंतीजवळून हळू गाडी न्यावी. भिंतीवरून तो परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो. रिव्हर्समध्येही तो आला पाहिजे. प्रत्यक्ष चालत्या गाडीचा आवाज बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ऐकून सांगितला तर जास्त चांगले.

मसुद्यात दुचाकी आणि ई-रिक्षा नाहीत. देशातल्या विजेच्या वाहनांत संख्येने मोठा वाटा त्यांचाच आहे, आणि गल्लीबोळात माणसाच्या कोपराला लागून जातात त्याही त्याच. तारखा उत्पादकांसाठी आहेत, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या आणि ही यंत्रणा नसलेल्या ईव्ही त्या निकालात निघेपर्यंत तशाच शांत धावत राहतील.